मे महिन्याची मोजणी

उद्या महाराष्ट्र दिन. सकाळी ग्रामपंचायतीपुढे झेंडावंदन होईल आणि त्यानंतर ग्रामसभा बसेल. वर्षातल्या ठरलेल्या ग्रामसभांपैकी 26 जानेवारीला विहिरीत पाणी असते, 15 ऑगस्टला ते काठोकाठ असते आणि 2 ऑक्टोबरला पऱ्हे अजून वाहत असतात. पाणी तळाला गेलेले असताना भरते ती एक मेची सभा एकटीच. जयगडसारख्या गावात पाणीयोजनेवर बोलायचे तर ते याच सभेत बोलले पाहिजे. आमचा आग्रह त्याही पुढे जातो. उद्याची सभा सभागृहात न बसवता आधी विहिरीवर न्यावी.

कारण साधे आहे. कोकणातल्या नळयोजना कागदावर पावसाळ्याच्या पाण्यावर उभ्या राहतात आणि मेमध्ये बंद पडतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल संपता संपता सड्यावरच्या वाड्यांतून कळशा आणि हंडे बाहेर निघतात. ‘एवढा पाऊस पडून पाणी नाही?’ असे घाटावरचा पाहुणा विचारतो तेव्हा आपण कपाळाला हात लावतो, पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर पायाखालच्या दगडात आहे.

जयगड हे शास्त्री नदीच्या मुखावरचे गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधोमध जांभ्याचा सडा. जांभा चाळणीसारखा असतो. वर पडलेले पाणी तो भराभर पोटात घेतो आणि खालच्या चिकणमातीच्या किंवा काळ्या दगडाच्या थरापर्यंत सोडतो. तिथे पाणी अडते, आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. नांदिवड्याला कऱ्हाटेश्वराच्या देवळापासून पायऱ्या उतरून खाली गेले की समुद्राच्या अगदी जवळ गोड्या पाण्याचा झरा लागतो. भाविकाला तो देवाचा प्रसाद वाटतो आणि वाटावाच. पण पाणीयोजना आखणाऱ्याने त्या झऱ्यापुढे जरा जास्त वेळ उभे राहावे. सड्याने पावसाळाभर प्यालेले पाणी खाली उतरून समुद्राला मिळते, ते मिळण्याआधीचे शेवटचे ठिकाण ते. जयगडच्या भूमीवर सड्याचे आकारमानच बेताचे. मागे मोठा डोंगर नाही, मोठी नदी गोडी नाही. जे साठते ते जांभ्याच्या पोटात, आणि तेही सतत गळत राहते. ऑक्टोबरात भरलेली विहीर मेमध्ये रिकामी असण्याचे कारण गावाने पाणी उपसले एवढेच नसते. कोणी थेंब काढला नसता तरी बरेचसे पाणी निघूनच गेले असते.

म्हणून अशा गावात योजनेचा पहिला टप्पा म्हणजे उद्भव, आणि उद्भव म्हणजे मेमधला उद्भव. बाकी सगळे, म्हणजे पंपगृह, ऊर्ध्ववाहिनी, टाकी, वितरणनलिका, नळजोडण्या, पैसे मिळाले की होते. पाणी पैशाने तयार होत नाही.

जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 रोजी झाली. तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम 17 टक्के घरांत नळाचे पाणी होते. माणशी रोज 55 लिटर, पिण्यायोग्य आणि नियमित, असे वचन दिले गेले. हे तीन शब्द महत्त्वाचे आहेत, कारण नळ बसवला म्हणजे योजना झाली असे मिशनच्या व्याख्येतही नाही. त्या 55 लिटरचा हिशेब एका वाडीसमूहावर करून पाहू. आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक गावाने आपले घालावेत.

समजा 250 घरे आणि 1200 माणसे आहेत. रोजची गरज 66 हजार लिटर. वाटेत, सांध्यांत आणि टाकीत मिळून पंधरा टक्के पाणी वाया जाते असे धरले तर विहिरीतून रोज सुमारे 78 हजार लिटर उपसावे लागेल. विहीर पाच मीटर व्यासाची आहे. या व्यासाच्या विहिरीत पाण्याची पातळी दहा सेंटिमीटर वाढली की साधारण दोन हजार लिटर पाणी आले असे समजावे. आता मेच्या पहिल्या आठवड्यात पंप लावून पाणी तळाजवळ आणा, पंप बंद करा आणि घड्याळ लावून बसा. चार तासांत पाणी चाळीस सेंटिमीटर चढले, तर चार तासांची आवक सुमारे आठ हजार लिटर झाली. याच वेगाने चोवीस तास आली तरी ती 47-48 हजारांवर जात नाही, आणि प्रत्यक्षात ती त्याहून कमीच असते, कारण विहीर भरत जाते तशी आवक मंदावते. गळती वजा करून माणशी हाती येतात 33 लिटर. 55 लिटरची योजना 33 लिटरच्या विहिरीवर उभी आहे हे चार तासांत, एका टेपच्या आणि एका घड्याळाच्या आधाराने कळले.

हीच मोजणी सप्टेंबरात केली असती तर पंपाने पाणी तळाशी नेणेच अवघड गेले असते. दाखला मिळाला असता, अंदाजपत्रक झाले असते, निविदा निघाली असती.

उद्भवाची ही तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिक करतात आणि तेच योग्य आहे. पण त्यांच्या कामाचे वेळापत्रक आराखड्याच्या मुदतीवर चालते आणि ही मुदत कोणत्याही महिन्यात येऊ शकते. मोजणी मेमध्येच हवी, असा आग्रह गावाने धरायचा असतो. आणि गावाकडे त्याचे अनुभवाचे ज्ञान असते. ज्या बाईने तीस मे महिने त्या विहिरीवर काढले आहेत तिला कोणते पाणी आधी आटते, हे ठाऊक असते. मार्चमध्ये पोहरा टेकायला किती दोर सोडावा लागतो आणि मेमध्ये किती, हे तिच्या हाताला पाठ असते. दोन हंडे निघाले की ती काठावर बसते. पाणी साचायला वेळ द्यायचा, मग तिसरा हंडा. त्या वेळात ती पदराने तोंड पुसते, शेजारणीशी बोलते, सुनेला हाक मारते आणि मधूनच वाकून खाली पाहते. तो तिसऱ्या हंड्यापर्यंतचा वेळ म्हणजेच विहिरीची आवक. भूवैज्ञानिक पंप आणि घड्याळ घेऊन जे मोजतो तेच ती रोज मोजते. तिची मोजणी कोणत्याही फॉर्मवर लिहिली जात नाही, एवढाच फरक.

ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. समित्यांच्या याद्यांत ती निम्मी नावे असतातही. पण उद्भव निवडताना सर्व्हेला आलेल्या माणसाबरोबर कोण फिरले, हे विचारून पाहावे. सरपंच, एखादा सदस्य, जमिनीचा मालक, ठेकेदाराचा माणूस. लोकसहभागाची परीक्षा त्या फेरीत होते. सभेतल्या सह्यांत ती होत नाही.

किनाऱ्याच्या गावाला आणखी एक गोष्ट मोजावी लागते, खारेपण. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते, साधारण चाळिसाव्या भागाने. त्यामुळे किनाऱ्याजवळच्या सच्छिद्र जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. गोड्याची पातळी समुद्रपातळीच्या वर एक मीटर असेल तर खाली ढोबळमानाने चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. हेच उलटे वाचले तर भीती वाटावी: वरची पातळी एक हात उतरली तर खालचे खारे पाणी चाळीस हात वर येऊ शकते. जांभ्यात आणि भेगाळ काळ्या दगडात हे प्रमाण इतके नेमके राहत नाही, पण दिशा तीच असते. म्हणून खाडीच्या जवळची विहीर खोल करणे, किंवा तिच्यात आडवे बोअर मारणे, हा जास्त पाणी मिळवण्याचा उपाय वाटतो आणि दोन उन्हाळ्यांत विहीरच हातची जाते. खारे पाणी एकदा शिरले की पावसाळ्यात निवळते, पण पुढच्या वर्षी लवकर परतते.

याची चाहूल लागते. चहात दूध फाटू लागते, डाळ शिजायला वेळ घेते, भांड्यावर पांढरा थर धरतो. पण जिभेला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत असावे आणि दुसरा उद्भवच नसेल तर एक हजारापर्यंत चालते. एकच आकडा मात्र काही सांगत नाही. मार्चपासून दर पंधरवड्याला एकच विहीर तपासली आणि क्लोराइड प्रत्येक वेळी चढत असेल, तर उपसा कमी करण्याची वेळ आली आहे असे समजावे. प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणीच्या किटचे प्रशिक्षण द्यायची तरतूद मिशनमध्ये आहे. जयगडच्या पंचक्रोशीत त्या पाच जणींनी एवढे एकच काम मार्च ते मे न चुकता केले तरी किटची किंमत वसूल झाली.

आता माणसांचा हिशेब. वरच्या उदाहरणात 1200 माणसे धरली, ती जनगणनेच्या पद्धतीने. पण मेमध्ये गावात किती माणसे असतात? शाळांना सुटी पडली की मुंबईहून चाकरमानी येतात. बंद घरे उघडतात, एकेका घरात दहा-बारा माणसे होतात. 1200 चे 1800 झाले तर त्या 33 लिटरांचे 22 लिटर होतात. म्हणजे वर्षातली सर्वांत जास्त माणसे आणि सर्वांत कमी पाणी यांची नेमकी एकाच पंधरवड्यात गाठ पडते. गणपतीत माणसे याहून अधिक येतात, पण तेव्हा विहिरी भरलेल्या असतात. जयगडला शिवाय नांदिवड्याच्या हद्दीतला 1200 मेगावॉटचा वीजप्रकल्प आणि त्याला लागून असलेले बंदर आहे. अशा ठिकाणी कामानिमित्त आलेली, खोल्या भाड्याने घेऊन राहणारी कुटुंबे असतात. ती मतदारयादीत नसतात, घरपट्टीच्या नोंदीतही बहुधा नसतात, पण नळाखाली बादली तीही लावतात. योजना तीस वर्षांच्या वाढत्या लोकसंख्येसाठी आखायची असते, आणि जनगणनेवरून पुढचा आकडा काढण्याची सूत्रे अभियंत्याकडे असतात. त्या सूत्रांत मे महिना नाही आणि भाडेकरूही नाहीत. ते गावानेच सांगायला हवेत.

मेमध्ये चाकरमानी गावात असतात याचा एक मोठा फायदा मात्र आहे आणि तो आपण दरवर्षी वाया घालवतो. कोकणातली योजना अडते ती पुष्कळदा जमिनीपाशी. विहिरीला लागते एक-दोन गुंठे, टाकीला तेवढीच जागा. पण सातबाऱ्यावर आजोबांच्या नावाखाली वीस-पंचवीस सहहिस्सेदार असतात. तिघे गावात, पंधरा जण मुंबई-ठाण्यात, दोघे बडोद्याला, एकाचा पत्ता नाही. जागा ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्राने यायला हवी तर सगळ्यांच्या सह्या लागतात. तोंडी होकारावर काम सुरू झाले की पाया खणल्यावर एखाद्या भावाचा अर्ज येतो आणि ठेकेदार यंत्रे घेऊन दुसऱ्या गावी जातो. ज्या पंधरवड्यात पाणी सर्वांत कमी असते त्याच पंधरवड्यात सह्या करणारे सर्वांत जास्त असतात. त्यामुळे विहिरीची मोजणी आणि बक्षीसपत्राच्या सह्या ही दोन्ही कामे मेमध्ये एकत्र बसवावीत. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांनी वर्गणीपेक्षा हे काम हाती घेतले तर गावावर त्यांचे मोठे उपकार होतील. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी सगळे भाऊबंद एका कागदावर आणता येतात. विहिरीसाठीही येतील.

पैशाबद्दल आम्ही थोडे वेगळे सांगणार आहोत, कारण पैसा कुठून येतो हे गावाला साधारण माहीत असते, तो कधी येतो हे माहीत नसते. मिशनमध्ये केंद्र आणि महाराष्ट्राचा वाटा निम्मा-निम्मा. गावाअंतर्गत कामांच्या खर्चाची दहा टक्के लोकवर्गणी. डोंगराळ आणि वनक्षेत्रातल्या, तसेच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून अधिक असलेल्या गावांत पाच टक्के. ही वर्गणी रोख, साहित्य किंवा श्रमदान कोणत्याही रूपात चालते. त्यापलीकडे पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला 30 टक्के हिस्सा पाण्यासाठी बांधलेला होता. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चायचे असतात, आणि जयगडला तसे मोठे प्रकल्प दारात आहेत. पण यातल्या कोणत्याही पैशाचा भरवसा वेळेपुरता धरू नये. केंद्राने 2024-25 साठी मिशनला 70,163 कोटी रुपये ठेवले होते, सुधारित अंदाजात ते 22,694 कोटींवर आले. मिशनची मुदत 2024 वरून 2028 पर्यंत वाढवली गेली. दिल्लीतल्या अंदाजपत्रकाच्या एका ओळीचा अर्थ गावात असा दिसतो: ठेकेदाराचे बिल अडकले, ऊर्ध्ववाहिनीचे पाइप रस्त्याकडेला पडून राहिले, टाकीचे स्लॅब भरून बाकीचे काम थांबले.

अडकलेल्या योजनेत कोणता तुकडा आधी पूर्ण झाला आहे, यावर सगळे ठरते. आधी टाकी आणि नळ झाले आणि उद्भव राहिला, तर हाती काही नाही. उद्भव आधी झाला, पंप बसला आणि टाकी राहिली, तरी विहिरीवर स्टँडपोस्ट लावून गाव तरून जाते. बिल मात्र मोजमाप पुस्तिकेत चढते तसे निघते, आणि पाइप टाकणे व नळाची खांबी उभारणे हे भराभर मोजता येणारे काम. विहीर खोदताना कातळ लागतो, वेळ जातो, मोजमाप हळू चढते. म्हणून नळ आधी आणि पाणी नंतर हा क्रम पडतो. यात कोणाचा वाईट हेतू शोधायची गरज नाही. पण कामाचा क्रम उलटा पडू नये यासाठी गावाने कार्यारंभ आदेशाच्या वेळीच उद्भव आधी, ऊर्ध्ववाहिनी मग, वितरण शेवटी असे लेखी मागावे.

याच मुद्द्यावर मागचा अनुभव आठवतो. राज्याने 2000 साली पाण्याच्या कामांत मागणीवर आधारित धोरण स्वीकारले आणि 2003 पासून जागतिक बँकेच्या कर्जातून जलस्वराज्य प्रकल्प 26 जिल्ह्यांत राबवला. त्यात पैसा टप्प्याटप्प्याने थेट गावाच्या समितीच्या खात्यात जायचा आणि साहित्य खरेदीपासून ठेकेदार नेमण्यापर्यंतचे निर्णय समिती घ्यायची. त्यात चुका झाल्या, काही समित्यांत भांडणे झाली, हिशेब लांबले. पण कामाचा पुढचा हप्ता थांबवण्याची ताकद गावाच्या हाती होती. आता निविदा जिल्ह्यावर निघते. समिती सही करते, पण पैसा तिच्या हातून जात नाही. लोकसहभाग हा शब्द दोन्हीकडे आहे, वजन वेगळे आहे.

तरीही आजच्या पद्धतीत गावाकडे एक अधिकार उरला आहे आणि त्याची किंमत फार थोड्या सरपंचांना ठाऊक आहे. ‘हर घर जल’ गाव दोन पायऱ्यांनी ठरते. आधी यंत्रणा नोंदवते की सर्व घरांना नळ मिळाले. मग ग्रामसभा ठराव करते की सर्व घरांना, शाळेला आणि अंगणवाडीला पाणी मिळते आहे, आणि तेव्हा गाव प्रमाणित होते. दुसरी पायरी सर्वस्वी ग्रामसभेच्या हाती आहे. हा ठराव ऑगस्टच्या सभेत टाळ्यांच्या गजरात होतो, कारण तेव्हा नळाला पाणी असते. आमची सूचना आहे की कोकणातल्या प्रत्येक ग्रामसभेने तो फक्त एक मेच्या सभेत, किंवा मेमध्ये खास बोलावलेल्या सभेत करावा. त्याआधी योजना हस्तांतरित करून घेऊ नये, चाचणी पूर्ण झाली असे लिहून देऊ नये.

हस्तांतरणाच्या आधी आणखी काय पाहावे, तेही सांगतो. सड्यावर चर खोदायला कातळ फोडावा लागतो, त्यामुळे ठरलेली खोली मिळत नाही आणि काळा पाइप कातळावर उघडाच धावतो. हिवाळ्यानंतर सड्यावरचे गवत वाळते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठून तरी वणवा येतो. तो काजू-आंब्याबरोबर पाइपही जाळून जातो. नेमक्या टंचाईच्या तोंडावर वाडीचे पाणी बंद पडते. ज्या टप्प्यात खोदाई शक्य नाही तिथे पाइपावर मातीचा भराव किंवा काँक्रीटचे आच्छादन हवे, आणि पावसाळा संपल्यावर त्याच्या दोन्ही अंगांनी दोन-तीन मीटर गवत कापून पट्टा मोकळा ठेवायला हवा. निवळीहून जयगडला येणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहतूक आहे, तिथे रस्त्याकडेचा पाइप चाकाखाली दबतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडी व्हॉल्व्ह आणि नटबोल्ट दोन-तीन वर्षांत गंजून अडकतात. ते वर्षातून दोनदा फिरवून, वंगण घालून ठेवावे लागतात. टीसीएल पावडरचे पोतेही या दमट हवेत उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडतो. 78 हजार लिटरला रोज साधारण चारशे ग्रॅम ताजी पावडर पुरते, जुनी किलोभर टाकूनही शेवटच्या नळाला वास येत नाही. म्हणून मोजमाप पावडरीचे करू नये, शेवटच्या घरातल्या पाण्याचे करावे. तिथे ओटी टेस्टमध्ये लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसले की झाले.

ही सगळी कामे करतो तो पाणी सोडणारा माणूस. योजनेच्या फलकावर खासदारांपासून ठेकेदारापर्यंत नावे असतात, त्याचे नसते. पहाटे चारला पंप सुरू करायचा, वाडीवाडीचे व्हॉल्व्ह पाळीने फिरवायचे, आणि ‘आमच्याकडे आज कमी आलं’ हे दिवसभर ऐकायचे. त्याचा पगार पाणीपट्टीतून निघतो. आपल्या उदाहरणातल्या योजनेला ऐंशी मीटर उंच सड्यावर पाणी चढवायचे असेल तर पंपाला महिन्याला हजारभर युनिट वीज लागते. स्थिर आकार धरून आठ हजार रुपये, पाणी सोडणाऱ्याला दहा हजार, दुरुस्तीला सहा हजार, टीसीएल आणि तपासणीला हजार, असे धरले तर पंचवीस हजार होतात. 250 घरांना घरटी महिना शंभर रुपये. दीडशे घरांनीच भरले तर पंधरा हजार जमतात. वीजबिल भरले नाही तर जोडणी तुटते म्हणून ते आधी भरले जाते, उरलेल्यातून पगार अर्धवट होतो आणि दुरुस्ती होतच नाही. योजना अशा रीतीने मरते: कोणी ती बंद करत नाही, एक व्हॉल्व्ह अडकतो, एक सांधा गळतो, वरच्या वाडीला पाणी चढत नाही, वरची वाडी पाणीपट्टी भरणे थांबवते, आणि मग पुढच्या दुरुस्तीला आणखी कमी पैसे असतात. बंद घरांचा प्रश्नही इथेच येतो. दहा महिने कुलूप असलेल्या घराने पाणीपट्टी का भरावी, असे मुंबईकर विचारतात. पण मेमध्ये त्यांच्या दहा माणसांसाठी विहीर, पंप आणि पाइप वर्षभर सांभाळलेला असतो. त्यांच्याकडून निदान वर्षाचा ठोक आकार घ्यावा, आणि तो मेमध्येच, ते गावात असतानाच घ्यावा.

जयगडच्या पंचक्रोशीसाठी एका विहिरीने भागणार नाही हे वरच्या हिशेबावरून उघड आहे. सड्याच्या कडेचे झरे साध्या बांधकामाने सांभाळून वाडीपुरते वापरणे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पऱ्ह्यांवर वनराई बंधारे घालून पाणी महिना-दोन महिने अधिक अडवणे, खाडीजवळची विहीर उन्हाळ्यात केवळ वापरासाठी राखणे आणि मोठी गरज दूरच्या गोड्या नदीवरच्या प्रादेशिक योजनेने भागवणे, असे दोन-तीन उद्भव जोडूनच इथला मे निघेल. वीस-पंचवीस किलोमीटरवरून येणाऱ्या प्रादेशिक योजनेत शेपटाच्या गावाला पाणी शेवटी मिळते, आणि भूशिराचे टोक असल्याने जयगड बहुधा शेपटालाच असणार. म्हणून गावाने आपले झरे आणि बंधारे कधीही सोडून देऊ नयेत.

तेव्हा उद्या झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांनी विहिरीवर जावे. टेप, घड्याळ, वही आणि तपासणीचे किट सोबत असावे. पाण्याची खोली, पंप बंद केल्यानंतर चार तासांची आवक आणि क्लोराइडचा आकडा वहीत लिहावा, तारखेसह. मधल्या चार तासांत सभा विहिरीच्या काठावरच्या सावलीत भरवावी आणि पाणी भरणाऱ्या बायांनी आधी बोलावे. पाणी सोडले की समितीतल्या दोघींनी वाडीच्या सर्वांत वरच्या, शेवटच्या घरी जावे आणि नळाखाली दहा लिटरची बादली ठेवावी. पाच माणसांच्या घराला तासाभरात 275 लिटर मिळायचे असतील तर ती बादली दोन मिनिटे दहा सेकंदांत भरली पाहिजे. चार मिनिटे लागली तर त्या घराला माणशी तीसच लिटर मिळाले. जो काय वेळ लागेल तो त्या घरच्या बाईच्या सहीने ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहावा, आणि ‘हर घर जल’चा ठराव त्याच्या खालच्या ओळीवर घ्यायचा की नाही, ते मग ठरवावे.